मोठे अक्षर, लहान अक्षर



एक लहानसे वाक्य सांगतो, ते ऐका. ‘शेवटी आशा परत आली.’ आता मला सांगा, कोण परत आली? माहेरी गेलेली आशा नावाची मुलगी परत आली, की खचलेल्या माणसाच्या मनात पुन्हा आशा निर्माण झाली? नुसत्या वाक्यावरून ते सांगता येत नाही. कागदावर लिहून पाहिलेत तरी सांगता येणार नाही. मुलीचे नाव असले तरी आपण ‘आ’ तेवढाच काढतो आणि मनातली आशा असली तरी तेवढाच काढतो. मागचापुढचा संदर्भ पाहून वाचणारा काय ते समजून घेतो.

इंग्रजांकडेही हाच शब्द आहे आणि गंमत अशी की त्यांच्याकडेही तो मुलीचे नाव म्हणून ठेवतात. आशेला ते ‘होप’ म्हणतात आणि एखाद्या मुलीचे नावही होप असते. पण ‘शेवटी होप परत आली’ हे इंग्रजीत लिहिताना त्यांना ठरवावेच लागते. मुलगी असेल तर एच मोठा, मनातली आशा असेल तर एच लहान. बोलताना दोन्ही एकसारखेच ऐकू येतात. फरक ऐकू येत नाही, फक्त दिसतो.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. इंग्रजी लिहिताना मोठे अक्षर कुठे घालायचे आणि कुठे घालायचे नाही? जवळ पाटी किंवा वही असेल तर घेऊन बसा. रेडिओवर मला फळा नाही, म्हणून मी शब्द उच्चारीन आणि त्याचे पहिले अक्षर मोठे की लहान ते तोंडाने सांगेन. तुम्ही लिहून पाहा.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. शिक्षकाने स्वतःची चूक सांगितली की विद्यार्थ्यांना धीर येतो, असा माझा अनुभव आहे. मी एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा मुलांनी विचारले, “गुरुजी, मोठं अक्षर कधी काढायचं?” मी झटकन सांगून टाकले, “महत्त्वाच्या शब्दाला मोठं अक्षर.” सांगायला सोपे, ऐकायलाही सोपे. पुढे एका मुलाने रजेचा अर्ज लिहून आणला. त्यात ‘फादर’चा एफ मोठा, ‘अंकल’चा यू मोठा, ‘बुक्स’चा बी मोठा, आणि ‘मंडे’चा एम लहान, ‘इंग्लिश’चा ई लहान, आणि ‘मी’ या अर्थाचा जो एकटा आय, तोही लहान. मी तांबड्या शाईने सगळा अर्ज रंगवला. मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, वडिलांना लहान अक्षर कसं लिहू? आणि स्वतःला मोठं?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. कारण मी दिलेला नियम त्याने अगदी इमानाने पाळला होता. वडील महत्त्वाचे, काका महत्त्वाचे, पुस्तके महत्त्वाची. सोमवारात महत्त्वाचे ते काय? आणि स्वतःला मोठे म्हणवून घेणे तर त्याच्या घरच्या वळणात बसत नव्हते. चूक मुलाची नव्हती, माझी होती. मोठ्या अक्षराचा मोठेपणाशी काही संबंध नाही, हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

मग संबंध कशाशी आहे? तो समजायला ही दोन प्रकारची अक्षरे आली कुठून ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

प्राचीन रोमन लोक दगडावर लेख कोरीत, ते सगळे मोठ्या अक्षरांत. त्या शिलालेखांत आजची लहान अक्षरे नाहीत. पण रोजच्या लिहिण्यात हात भरभर चालवावा लागतो. हात भरभर चालला की कोपरे गोल होतात, रेघा गळतात, काही रेघा ओळीच्या वर जातात, काही खाली लोंबतात. असे होत होत सुमारे बाराशे वर्षांपूर्वी, शार्लमेन राजाच्या काळात, लहान अक्षरांचे एक नीटस वळण युरोपात रूढ झाले. मजकूर त्या लहान अक्षरांत आणि आरंभाची खूण म्हणून जुने मोठे अक्षर, अशी वाटणी हळूहळू पक्की झाली. पुढे छापखाने आले. खिळे जुळवणाऱ्यांनी मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या खणात आणि लहान अक्षरांचे खालच्या खणात ठेवले. म्हणून इंग्रजीत आजही त्यांना ‘वरच्या पेटीतली’ आणि ‘खालच्या पेटीतली’ अक्षरे म्हणतात.

आपल्याकडेही भरभर लिहिण्याची लिपी होती. मोडी. जुन्या दप्तरांतून, खतांतून, हिशेबांतून ती तुम्ही पाहिली असेल. बाळबोध सावकाश लिहायची, मोडी भरभर. पण आपण या दोन लिप्या वेगवेगळ्या ठेवल्या. पोथी बाळबोधीत, हिशेब मोडीत. रोमन लिपी वापरणाऱ्यांनी मात्र दोन्ही वळणे एकाच ओळीत, एवढेच नव्हे तर एकाच शब्दात आणली. अशी कल्पना करा, की ‘गोदावरी’ लिहिताना पहिला ‘गो’ बाळबोधीत काढला आणि उरलेला ‘दावरी’ मोडीत. इंग्रजी शब्दाच्या आरंभी मोठे अक्षर येते, ते हेच.

पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह या खुणा मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आल्या. मेजर कँडी या इंग्रज पंडिताचे नाव त्या संदर्भात घेतात. विरामचिन्हे घेता आली, कारण ती अक्षरांच्या शेजारी बसतात. मोठे अक्षर घेता आले नाही, कारण त्यासाठी अक्षरांचा दुसरा संचच हवा, आणि देवनागरीत तो नाही. म्हणून पूर्णविराम आपल्या हाताला सहज येतो आणि मोठे अक्षर विसरते. ज्या खुणेची आपल्या लिपीत जागाच नाही, ती ध्यानात राहायला वेळ लागणारच.

आता नियमाकडे येऊ. इंग्रजी मोठे अक्षर वाचणाऱ्याच्या डोळ्याला दोनच गोष्टी सांगते. पहिली, इथे नवे वाक्य सुरू झाले. दुसरी, हे कोणाचे तरी किंवा कशाचे तरी नाव आहे. वाक्य आणि नाव, हे दोन शब्द लक्षात ठेवा. ‘मी’ या अर्थाचा एकटा आय तेवढा या दोहोंबाहेरचा आहे.

त्या आयचा निकाल आधी लावू. इंग्रजीत ‘मी’ हा शब्द एका अक्षराचा झाला. एकटी, टिंब असलेली बारीक काडी हस्तलिखितात शेजारच्या शब्दात हरवून जाई, म्हणून लेखनिक ती लांब काढू लागले आणि ती तशीच राहिली. यात गर्व नाही. ‘माय’ म्हणजे माझा, ‘मी’ म्हणजे मला. हे शब्द वाक्याच्या मध्ये आले की लहान अक्षरानेच लिहितात. ‘यू’ म्हणजे तुम्ही, तोही लहान. आपण आदर बहुवचनाने दाखवतो. ‘बाबा आला’ न म्हणता ‘बाबा आले’ म्हणतो. इंग्रजीला आदर दाखवायचा असेल तर ती ‘सर’, ‘मॅडम’, ‘प्लीज’ असे शब्द वापरते. अक्षराच्या उंचीने ती आदर मोजत नाही. त्या मुलाला मी हे पुढे समजावून सांगितले, तेव्हा त्याच्या मनावरचे ओझे उतरले.

वाक्याचा नियम सोपा. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह झाले की पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे. स्वल्पविरामानंतर नाही. इथे मुलांची एक ठरावीक चूक होते. वहीतली ओळ संपली आणि वाक्य पुढच्या ओळीवर गेले, की ती नव्या ओळीचे पहिले अक्षर मोठे काढतात. इंग्रजी कवितेत बहुधा प्रत्येक ओळ मोठ्या अक्षराने सुरू होते, ते पाहून त्यांची तशी समजूत होते. त्यांना सांगा, गद्यात ओळ मोजायची नाही, वाक्य मोजायचे. अर्धे वाक्य दुसऱ्या ओळीवर गेले म्हणून नवे वाक्य सुरू होत नाही.

खरे अवघड काम आहे नावाचे. माणसाचे, गावाचे, नदीचे, देशाचे नाव असेल तर कोणी चुकत नाही. घोटाळा पुढे होतो. एकच उदाहरण घेऊन तो सोडवू. पुण्यात १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी शाळा काढली. तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’. हे नाव इंग्रजीत लिहिताना एन मोठा, ई मोठा, एस मोठा. तिन्ही शब्द मिळून एका संस्थेचे नाव झाले, म्हणून तिन्ही मोठ्या अक्षरांनी सुरू होतात.

आता समजा, तुमच्या गावात यंदा एक नवी इंग्रजी शाळा निघाली आणि ती बातमी तुम्हाला इंग्रजीत कळवायची आहे. शब्द तेच तीन. ‘अ न्यू इंग्लिश स्कूल’. पण इथे न्यू म्हणजे नुसते नवे, त्याचा एन लहान. स्कूल म्हणजे नुसती शाळा, त्याचा एस लहान. मधल्या इंग्लिशचा ई मात्र मोठाच राहतो. तिन्ही मोठे लिहिलेत, तर वाचणाऱ्याला वाटेल की त्या नावाचीच एक शाळा निघाली. ऐकणाऱ्याला दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येईल. अर्थ बदलला तो केवळ दोन अक्षरांच्या उंचीने.

मधला ई मोठाच का राहिला? आपल्या मराठी मुलांची सर्वांत जास्त चूक इथे होते. मराठी, इंग्रजी, हिंदी, भारतीय, जपानी हे शब्द आपल्याला विशेषणे वाटतात. मराठी शाळा, भारतीय रेल्वे, जपानी यंत्र. नवी शाळा, मोठी शाळा, मराठी शाळा, आपल्या लेखी सारे एकाच रांगेतले. इंग्रजीचा हिशेब वेगळा आहे. भाषेचे नाव हे नाव, देशाचे नाव हे नाव, आणि त्या नावापासून झालेले विशेषणही नावाचा मान सोडत नाही. म्हणून इंडियाचा आय मोठा, तसा इंडियनचाही आय मोठा. मराठीचा एम मोठा, मग ती भाषा असो, शाळा असो की माणूस असो.

यावरून शाळेच्या विषयांचा एक गमतीचा प्रसंग उभा राहतो. ‘मला इतिहास, इंग्रजी आणि भूगोल आवडतो’ हे वाक्य इंग्रजीत लिहा. हिस्टरीचा एच लहान, इंग्लिशचा ई मोठा, जॉग्रफीचा जी लहान. मुले म्हणतात, तिन्ही विषयच ना, मग एकालाच मोठे अक्षर का? उत्तर असे, की विषय म्हणून कोणालाच मोठे अक्षर मिळालेले नाही. इंग्लिशला मिळाले ते भाषेचे नाव म्हणून. विषयाच्या जागी मराठी आली तरी तिचा एम मोठा, गणित आले तर त्याचा एम लहान. वेळापत्रकात किंवा गुणपत्रिकेवर सगळे विषय मोठ्या अक्षराने छापलेले दिसतील. ती मथळ्याची रीत आहे, वाक्याची नव्हे.

वारांची आणि महिन्यांची इंग्रजी नावे नेहमी मोठ्या अक्षराने. ऋतूंची मात्र लहान. मंडेचा एम मोठा, फेब्रुवारीचा एफ मोठा, पण समर म्हणजे उन्हाळा, त्याचा एस लहान. याला कारण विचारू नका. ही रूढी आहे. फ्रेंच लोक तर वार, महिने आणि भाषांची नावेसुद्धा लहान अक्षराने लिहितात. उलट जर्मन भाषेत प्रत्येक नामाला मोठे अक्षर. टेबलालाही आणि भाकरीलाही. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रज लेखकही पुष्कळ नामांना मोठे अक्षर देत. अमेरिकेचा १७७६ सालचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पाहिलात, तर त्याच्या हस्तलिखित प्रतीत साध्या नामांचीही पहिली अक्षरे मोठी दिसतील. पुढे ती चाल मागे पडली. तेव्हा हे गणिताचे नियम नव्हेत, वापराचे नियम आहेत. म्हणून ते समजून घ्यावे लागतात आणि थोडे पाठही करावे लागतात.

आता पुन्हा त्या मुलाच्या काकांकडे आणि वडिलांकडे येतो. नात्याच्या शब्दाला मोठे अक्षर कधी, हे ओळखायला एक युक्ती आहे. नात्याचा शब्द काढून त्या जागी माणसाचे नाव घालून पाहा. वाक्य उभे राहिले तर मोठे अक्षर, पडले तर लहान. ‘माय अंकल इज अ टीचर.’ इथे अंकल काढून रमेश घाला. ‘माझा रमेश शिक्षक आहे.’ हे काही बरोबर वाटत नाही, वाक्य लंगडले. म्हणून अंकलचा यू लहान. आता दुसरे वाक्य. ‘अंकल केम यस्टर्डे.’ ‘रमेश काल आला.’ वाक्य खुशाल उभे राहिले. इथे अंकल हा शब्द नावाच्या जागी बसला आहे, म्हणून यू मोठा. वाक्याचा आरंभ म्हणून तो मोठा झालाच असता; पण ‘काल अंकल आले’ असे वाक्य फिरवून अंकल मध्ये आणलात तरी तो मोठाच राहील. थोडक्यात, आधी ‘माझे’, ‘त्याचे’, ‘एक’ असा शब्द असेल तर नाते लहान अक्षराने, आणि नुसती हाक मारल्यासारखा शब्द असेल तर मोठ्या.

हुद्द्यांचेही तसेच. ‘आमचे हेडमास्तर’ म्हटले की एच लहान. हुद्द्याला जोडून नाव आले, हेडमास्तर कुलकर्णी, डॉक्टर देशपांडे, तर मोठे अक्षर. पत्राच्या आरंभी ‘डिअर सर’ लिहितो, तिथे डी मोठा आणि एसही मोठा. वर्गात मुलगा ‘येस, सर’ म्हणाला हे वाक्यात लिहिताना मात्र सरचा एस लहान. सरकारी कागदांत कलेक्टर, तहसीलदार हे हुद्दे नाव नसतानाही मोठ्या अक्षराने लिहिण्याची चाल आहे. ती त्या कचेऱ्यांची रीत म्हणून चालते. एका पत्रात एकच रीत ठेवा, एवढे पथ्य पाळा.

नाव अनेक शब्दांचे असेल तर त्यातले ‘ऑफ’, ‘अँड’, ‘द’ असे जोडशब्द मध्ये आले असता लहान राहतात. ‘गेटवे ऑफ इंडिया’ लिहिताना जी मोठा, ओ लहान, आय मोठा.

चला, आता अर्ज लिहू. पाटी पुढे घ्या. मी इंग्रजी शब्द सावकाश सांगतो. आधी तुमच्या मनाने लिहा, मग आपण तपासू.

‘डिअर सर. माय अंकल इज गेटिंग मॅरीड ॲट संगमनेर ऑन मंडे, ट्वेल्व्ह फेब्रुवारी. आय शॅल गो देअर विथ माय फादर अँड रिटर्न ऑन वेन्सडे. आय शॅल टेक माय इंग्लिश अँड हिस्टरी बुक्स विथ मी. प्लीज ग्रँट मी लीव्ह फॉर थ्री डेज. युअर्स ओबिडिअंटली.’ तारीख आकड्यात लिहिली तरी चालेल. शेवटी तुमचे नाव.

आता तपासा. डिअरचा डी मोठा आणि सरचा एस मोठा, हा मायन्याचा भाग. मायचा एम मोठा, कारण तिथे वाक्य सुरू झाले. अंकलचा यू लहान, कारण त्याच्या आधी ‘माय’ आहे. संगमनेर गावाचे नाव, एस मोठा. मंडेचा एम आणि फेब्रुवारीचा एफ मोठा. पुढच्या वाक्यातला आय मोठा. तो वाक्याचा आरंभही आहे आणि ‘मी’ही आहे. इथला ‘माय’ वाक्याच्या मध्ये आला, म्हणून त्याचा एम लहान. फादरचा एफ लहान. वेन्सडेचा डब्ल्यू मोठा. पुन्हा आय मोठा. इंग्लिशचा ई मोठा. हिस्टरीचा एच आणि बुक्सचा बी लहान. प्लीजचा पी मोठा, वाक्यारंभ. युअर्सचा वाय मोठा, पण ओबिडिअंटलीचा ओ लहान, कारण समारोपाच्या या शब्दांत फक्त पहिल्याला मोठे अक्षर देतात. तुमचे नाव सोडून मोठी अक्षरे बारा झाली पाहिजेत. तेरा झाली असतील तर बहुधा वडिलांना किंवा काकांना एक दिले असेल. अकरा झाली असतील तर आधी इंग्लिशकडे पाहा.

शिक्षक बंधुभगिनींना दोन गोष्टी सुचवतो.

पहिली अक्षराच्या वळणाची. रोमन लिपीत सात अक्षरे अशी आहेत, की त्यांचे मोठे आणि लहान रूप आकाराने एकच असते, फक्त उंची कमीजास्त. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि झेड ही ती सात. मुलगा एकरेघी वहीत लिहीत असेल तर त्याने संगमनेरचा एस मोठा काढला की लहान, हे तुम्हाला कळत नाही आणि त्यालाही कळत नाही. म्हणून निदान पहिली वर्षे चाररेघी वही ठेवा. मोठे अक्षर वरच्या रेघेला टेकले पाहिजे. ही सात अक्षरे असलेले शब्द मुद्दाम लिहायला द्या. सातारा, संगमनेर, सोलापूर. ज्या मुलाला नियम येतो पण हात बसलेला नाही, त्याची चूक इथे उघडी पडते आणि तिची गणना नियमाच्या चुकीत होत नाही.

दुसरी गोष्ट तपासण्याची. सगळ्या चुकांवर एकच तांबडी रेघ ओढू नका. मोठे अक्षर राहिले तिथे समासात ‘वा’ किंवा ‘ना’ एवढे लिहा. ‘वा’ म्हणजे इथे वाक्य सुरू झाले होते, ‘ना’ म्हणजे हे नाव होते. आणि उगाच मोठे अक्षर घातले असेल तिथे प्रश्नचिन्ह करा, म्हणजे मुलाला विचारायचे, “बाळ, हे नाव आहे का?” आठवडाभर असे तपासलेत तर कोणत्या मुलाचे कुठे अडते ते समासातच दिसेल. कोणाचे ‘वा’ पुष्कळ निघतील. त्याला पूर्णविरामच नीट कळलेला नाही, तिथून शिकवावे लागेल. कोणाची प्रश्नचिन्हे पुष्कळ निघतील. त्याला कोणीतरी, माझ्यासारख्या गुरुजीने, महत्त्वाच्या शब्दाचा नियम सांगितलेला असेल.

बँकेचे, कचेरीचे छापील अर्ज भरताना ‘सर्व मजकूर मोठ्या अक्षरांत लिहा’ अशी सूचना असते. तिथे आजचे नियम लागू नाहीत. नाव, गाव, धंदा, सारे मोठ्याच अक्षरांत लिहायचे. ती सोय केवळ अक्षर स्वच्छ वाचता यावे म्हणून आहे. तशीच हल्लीच्या मोबाईलची गोष्ट. त्यावर लिहिताना पूर्णविरामानंतरचे अक्षर तो बहुधा आपोआप मोठे करतो आणि एकटा आयही सुधारून घेतो. मूल त्यावर विसंबते आणि वहीत तेच अक्षर लहान काढते. शिवाय नाव कुठले आणि साधा शब्द कुठला, हे यंत्राला दर वेळी ओळखता येईलच असे नाही. ‘होप परत आली’ म्हणताना मुलगी आली की आशा आली, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते.

त्या अर्जाच्या मुलाला मी पुढे वर्गासमोर उभे करून सांगितले, की तू चुकला नाहीस, मी चुकीचे सांगितले होते. मग नाव घालून पाहण्याची युक्ती सगळ्यांना शिकवली. त्याने अर्ज पुन्हा लिहिला. माय फादर, एफ लहान. लिहून झाल्यावर तो म्हणाला, “म्हणजे गुरुजी, नाव असलं तर मोठं, नातं असलं तर लहान, आणि मान द्यायचा तो मनात.” नियमाचे इतके थोडक्यात मराठी मलाही जमले नसते.

आज संध्याकाळी आपले, आपल्या गावाचे आणि आपल्या भाषेचे नाव इंग्रजीत एका वाक्यात लिहून पाहा. तिन्ही नावांची पहिली अक्षरे वरच्या रेघेला टेकली की नाहीत ते बघा.

नमस्कार.